ज्याला सोडता येत नाही, तोच हवा

नेस्ले कंपनीच्या अमेरिकी शाखेत नवी संगणक यंत्रणा बसवताना एक विचित्र घोळ झाला. विक्रेता ग्राहकाला सवलत द्यायचा आणि ती नव्या यंत्रणेत रीतसर नोंदवायचा. ग्राहकही सवलतीच्या दराने पैसे भरायचा. पण वसुली खात्याच्या पडद्यावर ते बिल अर्धवट भरलेलं दिसायचं, कारण सवलतीची खबर तिथपर्यंत पोचतच नव्हती. विक्रीवाल्यांचं चुकलं नव्हतं, वसुलीवाल्यांचंही नाही. दोन खात्यांच्या मधला सांधा कुणी जोडलाच नव्हता, आणि तो सांधा रोज हाताळणारी माणसं आराखडा ठरताना खोलीत नव्हती.

ती का नव्हती, हे त्या प्रकल्पाची हकीकत वाचली की कळतं. कंपनीच्या वेगवेगळ्या विभागांचा कारभार इतका सुटा होता की एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या व्हॅनिलासाठी त्या २९ वेगवेगळे दर मोजत होत्या. हे एका सूत्रात आणण्यासाठी १९९७मध्ये पन्नास वरिष्ठ व्यवस्थापक आणि दहा आयटी अधिकारी एकत्र बसवले गेले. सॅपची ईआरपी प्रणाली निवडली गेली. पण ज्यांची रोजची कामं बदलणार होती, त्या खात्यांचा एकही प्रतिनिधी त्या मुख्य गटात घेतला नव्हता. परिणाम पुढे दिसला. मदत कक्षाकडे दिवसाला ३०० फोन येऊ लागले. मागणीचा अंदाज बांधणाऱ्या कर्मचाऱ्यांत नोकरी सोडण्याचं प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. जून २०००मध्ये कंपनीने काम थांबवलं आणि आराखड्याकडे नव्याने पाहायला सुरुवात केली. नंतर तिथे वापरणाऱ्यांकडून नियमित अभिप्राय घेतला जाऊ लागला, आणि विभाग व प्रकल्प यांच्यात दुवा म्हणून एका संचालकाची नेमणूक झाली.

ईआरपी म्हणजे खरेदी, भांडार, उत्पादन, विक्री आणि हिशेब यांची एकच सामाईक वही. कुणीही कुठेही एक ओळ लिहिली की तिचे पडसाद बाकीच्या पानांवर आपोआप उमटतात. जुन्या पद्धतीत स्टोअरमधल्या रजिस्टरातली चूक स्टोअरपुरती राहायची आणि महिनाअखेरीला खोडरबराने मिटायची. इथे ती पाच मिनिटांत अकाउंट्समध्ये पोचते. म्हणून यंत्रणा बसवणारे कन्सल्टंट आणि ती वापरणारी शे-दोनशे माणसं यांच्यामध्ये प्रत्येक खात्यातला एक जाणता माणूस लागतो. त्याला ‘सुपर युजर’ म्हणतात. पुण्याकडच्या कारखान्यांत ‘की युजर’ हे नाव जास्त ऐकू येतं. तो आयटीचा माणूस नसतो. तो स्टोअरचा, खरेदीचा किंवा उत्पादन नियोजनाचाच असतो आणि त्याच खात्यात राहतो.

त्याची निवड बहुतेक ठिकाणी चुकते, आणि ती चुकण्याची तऱ्हाही ठरलेली आहे. प्रकल्पप्रमुख खातेप्रमुखांना पत्र पाठवतो, ‘तुमच्याकडचा एक माणूस द्या.’ खातेप्रमुखाच्या डोळ्यांपुढे महिन्याचं उत्पादन असतं. तो मनाशी हिशेब करतो, कुणाला दिलं तर आपलं अडणार नाही? मग नाव पुढे येतं ते सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या प्रशिक्षणार्थी इंजिनिअरचं. ‘पोरगा कंप्युटरमध्ये हुशार आहे,’ असं प्रशस्तिपत्रही जोडलं जातं. पोरगा खरंच हुशार असतो. फक्त त्याला हे ठाऊक नसतं की मार्चमध्ये जागा अपुरी पडली की माल कँटीनमागच्या शेडमध्ये ठेवतात, अमुक पुरवठादाराचं चलन दोन दिवस उशिरा येतं, आणि रात्रपाळीला गेटवर नोंद करणारा माणूस वेगळा असतो.

अशी अलिखित माहिती क्षुल्लक वाटते, पण ती नसली की काय होतं याचा दाखला हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९मध्ये दिला. सुमारे ११ कोटी २० लाख डॉलर खर्चून, चार वर्षांचं काम अडीच वर्षांत उरकून, कंपनीने जुलैमध्ये नवी यंत्रणा सुरू केली. पुढ्यात हॅलोविनचा हंगाम होता, म्हणजे त्यांच्या धंद्याची दिवाळीच. जवळपास दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचू शकल्या नाहीत. कारणं बरीच होती, त्यांतलं एक असं सांगतात: हंगामात जादा माल ठेवण्यासाठी जी तात्पुरती ठिकाणं वापरली जात, ती यंत्रणेत साठवणुकीची जागा म्हणून भरलेलीच नव्हती. चॉकलेट होतं, पण यंत्रणेच्या लेखी नव्हतं. कुठल्याही गोदामातल्या जुन्या माणसाने हे यादीकडे नुसती नजर टाकून सांगितलं असतं.

मग योग्य माणूस ओळखायचा कसा? अनुभवी प्रकल्पप्रमुख खातेप्रमुखाला नाव विचारण्याआधी खात्यात जाऊन बसतात आणि अडचण आली की लोक उठून कुणाच्या टेबलाकडे जातात ते बघतात. ते टेबल क्वचितच सर्वांत वरिष्ठाचं असतं. त्या माणसाला संगणकाची भीती नसली म्हणजे पुरे, प्रावीण्य नंतर येतं. त्याला दोन गोष्टी मात्र मुळात याव्या लागतात. आपलं काम शेजारच्या खात्यात कुठे जाऊन लागतं याची त्याला जाण हवी, आणि न चिडता तीच गोष्ट चौथ्यांदा समजावण्याचा स्वभाव हवा. दुसरा गुण पहिल्याइतका सहज सापडत नाही. खात्यात सगळं येणारा पण कुणाला काही न सांगणारा एखादा असतोच. त्याचं महत्त्व त्या न सांगण्यावरच टिकलेलं असतं. त्याला सुपर युजर केलं तर ज्ञानाचं कुलूप जुनंच राहतं, फक्त दार नवं बसतं.

संख्येबाबत व्यवहारातला अंदाज असा की साधारण वीस-पंचवीस वापरकर्त्यांमागे एक माणूस असावा. पण केवळ भागाकार करून भागत नाही. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात दिवसपाळीला चार सुपर युजर आणि रात्री एकही नाही, अशी वाटणी झाली तर रात्रीच्या चुका सकाळी साठलेल्या मिळतात. दूरच्या गोदामात तीनच माणसं असली, तरी त्यांतला एक तयार करावा लागतो.

निवड झाल्यावर खरा पेच येतो तो वेळेचा. आराखडा ठरण्याच्या काळात या माणसाचा निम्मा दिवस प्रकल्पाला हवा असतो. चाचण्यांच्या वेळी आणि सुरुवातीच्या महिन्यात जवळजवळ पूर्ण. त्याची खात्यातली कामं तोवर कोण करणार, हे आधी ठरवून त्या जागी बदली माणूस दिला नाही, तर तो सकाळी प्रकल्पाच्या बैठकीत आणि संध्याकाळी सात ते दहा आपल्या टेबलावर दिसतो. दोन महिन्यांत तो बैठकांना येणं टाळू लागतो आणि त्याच्या नावाने प्रशिक्षणार्थी इंजिनिअर हजेरी लावतो. म्हणजे फिरून पहिल्याच जागी. म्हणून नेमणुकीचं लेखी पत्र, वार्षिक मूल्यमापनात या कामाची नोंद आणि जमल्यास भत्ता, या तीन गोष्टी सुरुवातीलाच पदरात पडलेल्या बऱ्या. त्यातही बदली माणूस सर्वांत महाग आणि सर्वांत जरुरीचा. अंदाजपत्रकात कात्री आधी तिथेच लागते, हेही तितकंच खरं.

प्रशिक्षणाविषयी एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. शेवटच्या पंधरवड्यात वर्ग भरवायचा, कन्सल्टंटने पडद्यावर बटणं दाखवायची, की सुपर युजर तयार. प्रत्यक्षात तो घडतो त्याच्या फार आधी. कोणतं काम कोणत्या टप्प्यांनी होणार हे ठरवणाऱ्या बैठकांत तो बसतो, तेव्हा त्याला ‘का’ कळतं. जुन्या रजिस्टरांतून मालाची यादी साफ करताना एकाच बोल्टचे चार कोड सापडतात आणि पोलादाचा बार खरेदीत किलोने, वापरात नगाने मोजला जातो हे ध्यानात येतं. तेव्हा यंत्रणा काय मागते आणि का मागते, हेही कळतं. नंतर येते वापरकर्त्यांची चाचणी, ‘युएटी’. तिथे कन्सल्टंटने लिहून दिलेलं सरळ, गुळगुळीत उदाहरण करून बघण्यात फारसा अर्थ नसतो. उदाहरणं सुपर युजरने आपल्या खात्यातल्या मागच्या महिन्याच्या खऱ्या कागदांवरून आणायला हवीत: अर्धाच आलेला माल, नाकारलेला माल, दर बदललेली ऑर्डर, फाटलेलं चलन. शिवाय सरावाच्या यंत्रणेत मुद्दाम चुका करून त्या उलटवायला शिकावं लागतं. सुरू झाल्यावर त्याच्याकडे येणारे लोक ‘हे कसं करू’ असं कमी विचारतात. ‘हे करून बसलोय, आता काय’ असंच जास्त.

हा टप्पा पार झाला की तोच इतरांना शिकवतो, आणि इथे कन्सल्टंटपेक्षा त्याचं पारडं जड असतं. तो आपल्या गेटची, आपल्या चलनाची उदाहरणं देतो. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी असली तरी टेबलाला चिकटवलेला एक पानी कागद मराठीत असतो.

प्रत्यक्ष कसोटी कशी लागते, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, चाकण परिसरात गिअर बनवणारा एक मध्यम कारखाना आहे आणि तिथे सॅप सुरू होऊन आठवडा झाला आहे. कारखान्यात कातलेले मऊ गिअर हीट ट्रीटमेंटसाठी भोसरीच्या एका जॉबवर्कवाल्याकडे जातात आणि कठीण होऊन परत येतात. यंत्रणेच्या लेखी मऊ गिअर आणि कठीण गिअर हे दोन वेगळे माल आहेत. सोमवारी ५०० मऊ गिअर गेले. त्यांची नोंद 541 या क्रमांकाने झाली. म्हणजे माल आपलाच, पण पुरवठादाराकडे आहे. गुरुवारी ३०० कठीण होऊन परत आले.

शुक्रवारी सकाळी तीन तक्रारी एकदम येतात. जोडणी विभाग म्हणतो, ‘आम्ही गिअर वापरले, पण सिस्टीम खपाची नोंद घेत नाही.’ अकाउंट्स म्हणतं, ‘हीट ट्रीटमेंटचं बिल आलंय, पण माल मिळाल्याची नोंद नाही, पैसे कसे सोडू?’ आणि नियोजनवाला बुचकळ्यात पडलेला, कारण यंत्रणा त्याला ३०० मऊ गिअर पुन्हा जॉबवर्कला द्यायला सांगते आहे. मदत कक्षात या तीन स्वतंत्र तक्रारी म्हणून नोंदल्या जातात आणि तीन वेगवेगळ्या कन्सल्टंटकडे जातात. प्रत्येक जण आपापलं पान तपासतो आणि ते बरोबर असल्याचं कळवतो.

स्टोअरच्या सुपर युजर बाई मात्र तिन्ही तक्रारींत सामाईक काय आहे ते बघतात: तोच माल, तोच पुरवठादार. त्या `MBLB` हा अहवाल उघडतात. आपला कोणता माल कोणत्या जॉबवर्कवाल्याकडे पडून आहे, ते त्यात दिसतं. तिथे २०० मऊ गिअर आहेत, म्हणजे ३०० परत आल्याची नोंद झालेली आहे. मग आपल्या गोदामाचा साठा बघतात. कठीण गिअर शून्य, मऊ गिअर ३००ने जास्त. उलगडा झाला. माल परत घेताना नोंद 542 ने झाली आहे. तिचा अर्थ, दिलेला माल काहीही प्रक्रिया न होता तसाच परत आला. व्हायला हवी होती ती जॉबवर्कच्या ऑर्डरीवरची 101 ही नोंद. तिने कठीण गिअर जमा झाले असते आणि पुरवठादाराकडचे मऊ गिअर 543 ने आपोआप खर्ची पडले असते.

दुरुस्तीतही क्रम महत्त्वाचा असतो. आधी 542 ची नोंद रद्द करून ३०० मऊ गिअर कागदोपत्री पुन्हा पुरवठादाराकडे न्यायचे. मग ऑर्डरीवर 101. अकाउंट्सचं बिल आता जुळतं. शेवटी `COGI` या यादीकडे वळायचं. खपाच्या ज्या आपोआप होणाऱ्या नोंदी साठा नसल्यामुळे फसल्या, त्या तिथे साठलेल्या असतात. त्या पुन्हा चालवायच्या. एखाद्याने घाईत उलटा मार्ग धरला आणि ‘साठा दिसत नाही ना, मग टाकून देऊ’ म्हणून कठीण गिअर हाताने जमा केले, तर जोडणी विभागाची तक्रार मिटते, पण पुरवठादाराचं बिल अडकलेलंच राहतं आणि ३०० गिअर कागदावर दुप्पट होतात. मोजणीच्या दिवशी ते सापडत नाहीत.

इथवरचं काम चांगल्या कन्सल्टंटलाही जमलं असतं. पुढचं जमलं नसतं. बाई गेटजवळच्या काउंटरवर जाऊन नोंद करणाऱ्याला विचारतात, ‘दादा, हाच पर्याय का निवडला?’ तो म्हणतो, ‘ताई, दुसरा पर्याय पीओ नंबर मागतो. पार्टीच्या चलनावर तो नसतो. हा मागत नाही.’ त्याला प्रशिक्षण मिळालं होतं, दोन्ही नोंदींतला फरकही त्याने ऐकला होता. पण ट्रक उभा, ड्रायव्हर घाईत. जी वाट अडवत नाही ती त्याने धरली. त्याला पुन्हा वर्गात बसवून हे सुटणार नव्हतं. जाणाऱ्या चलनावर जॉबवर्कच्या ऑर्डरीचा क्रमांक छापायला सुरुवात झाली आणि माल परत पाठवताना पुरवठादारानेही तो लिहावा असं खरेदी खात्याने कळवलं, तेव्हा चूक थांबली. 542 चा पर्यायही त्या काउंटरच्या अधिकारांतून काढला गेला.

सुरुवातीच्या काही आठवड्यांत, ज्याला कन्सल्टंट ‘हायपरकेअर’ म्हणतात, सुपर युजरने बसायची जागा हीच: काउंटर, लाइन, गेट. प्रकल्पाच्या वातानुकूलित खोलीत बसून तो फक्त तक्रारी पुढे ढकलतो. त्याने रोज बघायचा आकडा एकच निवडायचा झाला, तर `COGI` मधल्या ओळींची संख्या निवडावी. ती पहिल्या आठवड्यात वाढणारच. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती उतरणीला लागली नाही, तर लोक चुका दुरुस्त करायच्या सोडून साठवत आहेत असं समजावं. महिनाअखेरीला हिशेब बंद करताना ते भोवतं. शांतताही फसवी असू शकते. एखाद्या खात्यातून एकही तक्रार येत नसेल, तर तिथे जाऊन पाहावं. तिथे बहुधा एक्सेलचा जुना तक्ता समांतर चालू असतो आणि यंत्रणेत संध्याकाळी एकगठ्ठा नोंदी होतात.

काय करू नये, याचीही शिस्त लागते. सर्वांत मोठा मोह म्हणजे ‘सरक, मी करतो.’ रांग थांबलेली असताना दुसऱ्याच्या खुर्चीत बसून नोंद करणं झटपट होतं, पण महिन्याभरात अख्खं खातं त्याच्यावर विसंबतं. दुसरा मोह पासवर्डचा. एखाद्याला अधिकार नसल्याचा संदेश आला की सुपर युजर आपल्या लॉगिनने काम उरकून देतो. वास्तविक त्या वापरकर्त्याला लगेच `SU53` उघडायला सांगून त्या पडद्याचं चित्र आयटीला पाठवणं हा एका मिनिटाचा मार्ग आहे. कोणता अधिकार कमी पडला ते तिथे लिहिलेलं असतं. सुपर युजरला ‘सोयीसाठी’ सगळे अधिकार देण्याची चूकही सर्रास होते. खरेदीची ऑर्डर काढणं, माल जमा करणं आणि बिल मंजूर करणं या तिन्ही किल्ल्या एकाच हातात आल्या, तर लेखापरीक्षक आक्षेप घेणारच, आणि तो रास्त असतो.

कन्सल्टंट निघून गेल्यावर या भूमिकेचं स्वरूप बदलतं आणि नेमकी तेव्हाच ती कागदावरून पुसली जाते. खरं तर काम संपत नाही. नवी माणसं येतात. त्यांना शेजारचा शिकवतो, त्याच्या चुकांसकट. बाहेरचे नियम बदलतात. जीएसटीतल्या ई-इनव्हॉइसचं उदाहरण घेण्यासारखं आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती सक्ती ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाली. मग मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ रोजी पाच कोटींवर आली. दर टप्प्याला नव्या कंपन्यांना आपल्या यंत्रणेत बदल करावा लागला. प्रोग्राम लिहिणारा नेहमीचं बिल तपासतो. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, भंगाराची विक्री, बिल रद्द झाल्यावर सरकारी पोर्टलवरची नोंद २४ तासांच्या आत रद्द करण्याची अट, ही प्रकरणं चाचणीत आणतो तो विक्रीतला सुपर युजर. कारण ती दर महिन्याला त्याच्याच टेबलावर येतात.

आणि मग माणूस सोडून जातो. तयार झालेला सुपर युजर दोन वर्षांत बाजारात मागणीचा होतो, आणि पुण्यासारख्या शहरात कन्सल्टिंग कंपन्या हाकेच्या अंतरावर असतात. त्याला अडवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक क्षेत्रात एकाऐवजी दोन जण तयार करणं आणि सुटलेल्या अडचणींची वही खात्याच्या नावावर ठेवणं, एवढंच हाती राहतं. त्या वहीत उपायाबरोबर कारणही लिहिलेलं असावं. ‘542 रद्द करून 101 केली’ ही नोंद अपुरी आहे. ‘चलनावर पीओ नंबर नव्हता’ हे वाक्य पुढच्या माणसाच्या कामाचं.

सध्या हा विषय पुन्हा तापला आहे, कारण सॅपच्या जुन्या ईसीसी आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७च्या अखेरीस थांबते आहे आणि अनेक कारखाने नव्या एस/४हाना आवृत्तीकडे निघाले आहेत. पहिल्या खेपेचे सुपर युजर त्यांतल्या कित्येक ठिकाणी निवृत्त झाले, बढतीवर गेले किंवा नोकरी बदलून गेले. जुन्या यादीतली नावं तशीच नव्या प्रकल्पाच्या तक्त्यात उतरवण्याआधी खात्यात जाऊन, आता लोक कुणाच्या टेबलाकडे जातात, हे बघून यावं लागणार आहे.